गम कॅन्सर करतो म्हणून मामांनी मिश्री धरली

«तंबाखू सोडायला मेडिकलमधला निकोटीनचा गम घेऊ नका, तेही निकोटीनच आहे, त्यानं तंबाखूपेक्षा लवकर कॅन्सर होतो. जुनी सवय एकदम तोडली तर पोट बंद होतं, रक्त घट्ट होतं, हार्टअटॅक येतो. आपल्या आजी-पणजीनं जन्मभर मिश्री लावली, त्यांचे दात आठवा. तंबाखू भाजली की नशा जळून जाते, म्हणून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावा आणि तोंड रिकामं वाटलं तर सुपारी ठेवा. सगळ्या ग्रुपला पाठवा.»

आमच्या घरच्या ग्रुपवर हे आलं आणि निपाणीकडं राहणाऱ्या माझ्या मामांनी त्याच दिवशी गमचं पाकीट बाजूला ठेवलं. मी बेळगावात मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. ते पाकीट मीच त्यांना दिलं होतं. आठवड्यानं गेले तर मामा मोरीपाशी उभे राहून बोटानं हिरड्यांना काळी पूड चोळत होते. "तंबाखू सोडली बघ पोरी, आता नुसती मिश्री," असं म्हणाले. म्हणून हे लिहिते आहे, आणि मिश्रीपासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तीच करते आहे.

मिश्री म्हणजे तंबाखूच. पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, चाळायचं, एवढाच फरक. भाजल्यानं निकोटीन सगळं जळत नाही, पुरेसं मागं राहतं. नसतं राहिलं तर मिश्री न लावता ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा बायका आपल्या गावागावांत दिसल्या नसत्या. सकाळी एकदा दात घासायला म्हणून सुरू होते, मग दुपारी जेवणानंतर, मग संध्याकाळी, आणि काही वर्षांनी दिवसातून सहा-सात वेळा बोट तोंडात जातं. दात घासण्याची गरज दिवसातून सहा वेळा पडत नाही, निकोटीनची पडते. शिवाय पान जाळल्यावर बेंझोपायरीनसारखी द्रव्यं तयार होतात, तीच जी धुरात असतात. साध्या तंबाखूत जे विष होतं त्यात जाळण्याचं विष वाढवून मामा ते रोज हिरडीवर चोळत होते. आजीचे दात म्हणाल, तर माझ्या आजीचे पन्नाशीत हलायला लागले होते आणि हिरड्या दातांवरून खाली सरकल्या होत्या. ज्यांचे टिकले त्यांच्यापुरतं ते नशीब, त्याचा मिश्रीशी संबंध नाही.

आता गमकडं. गममध्ये निकोटीन आहे, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं चघळायच्या तंबाखूला तोंडाच्या, अन्ननलिकेच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण ठरवलंय, आणि त्यांच्या कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत निकोटीन नाही. तंबाखूत कर्करोग करणारी मुख्य द्रव्यं म्हणजे नायट्रोसमाइन्स. ती पान वाळवताना, मुरवताना, साठवताना तयार होतात. गममध्ये पान नसतं, शुद्ध केलेलं निकोटीन मोजून घातलेलं असतं. निकोटीन सवय लावतं, पण तोंडात कर्करोग करतं ते पान. याच संघटनेनं २०२४ साली तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली. तीत चघळणाऱ्यांसाठी समुपदेशन सांगितलंय आणि औषधांत निकोटीन देणारी औषधं किंवा तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनची गोळी हे पर्याय दिलेत. मेसेज लिहिणाऱ्यानं ती चाळली असती तरी पहिलं वाक्य लिहिलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये गमचा उपयोग जितक्या पक्क्या पुराव्यानं दिसतो, तितका चघळणाऱ्यांमध्ये दिसत नाही. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात चघळणाऱ्यांना निकोटीनच्या चोखायच्या गोळीचा आणि व्हॅरेनिक्लिनचा फायदा दिसला, गमचा आणि अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीचा ठामपणे दिसला नाही. याचं एक कारण सोपं असावं. तंबाखूचा बार अर्धा-पाऊण तास गालात बसतो आणि एका बारातून रक्तात जाणारं निकोटीन एका सिगारेटपेक्षा बरंच जास्त असतं. २ मिलीग्रॅमच्या गममधून साधारण निम्मंच रक्तात पोचतं, तेही नीट चघळला तर. दिवसाला चौदा-पंधरा बार भरणाऱ्याला ते कमी पडणारच.

आणि मामांनी तो नीट चघळलाच नव्हता. यात माझीही चूक आहे, मी पाकीट हातात दिलं आणि रीत सांगितली नाही. मामा पहाटे साडेपाचला उठतात आणि चहाच्या आधी पहिला बार भरतात. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल, तर ते निकोटीनवर भारी अवलंबून असल्याचं लक्षण समजतात. चार दिवस त्यांनी काय केलं, तर चहा घेतला, लगेच गम तोंडात टाकला, पोरं चघळतात तसा कचाकचा चावला आणि सगळा रस गिळला. मग उचकी लागली, छातीत जळजळ झाली, मळमळलं, आणि तलफ होती तशीच राहिली. "गमानं पोट जळायलंय बघ," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर हा मेसेज आला, तेव्हा तो त्यांना खराच वाटणार.

यातली गोम मामांच्या चंचीतच आहे. आपण तंबाखूत चुना का मळतो? चुन्यानं तोंडातली लाळ क्षारयुक्त होते आणि निकोटीन गालाच्या अस्तरातून सरळ रक्तात जातं. चुना नसेल तर किक बसत नाही, हे प्रत्येक खाणाऱ्याला ठाऊक असतं. गममध्ये तेच काम करणारे क्षार घातलेले असतात. चहा, कॉफी, सोडा, लिंबूपाणी यांनी तोंड आंबट होतं आणि ते काम बंद पडतं. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात उतरतं, तिथं जळजळ करतं, आणि पुढं यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. म्हणजे त्रास सगळा, फायदा काही नाही.

म्हणून दुसऱ्यांदा मामांच्या शेजारी बसून पहिला गम चघळायला लावला. आधी पाण्यानं चूळ, आणि चहा झाल्याला पंधरा मिनिटं होऊ द्यायची. मग सावकाश चावायचं, जिभेला मिऱ्यासारखं मिरमिरलं की लगेच थांबायचं. तो तुकडा गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, जसा बार ठेवतो तसाच. मिरमिर कमी झाली, म्हणजे साधारण मिनिटभरात, की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं आणि जागा बदलून ठेवायचं. असं अर्धा तास. बार गालात ठेवून गप्प बसणाऱ्या माणसाला हे सिगारेटवाल्यापेक्षा लवकर जमतं. मामांना दुसऱ्या गमला जमलं आणि उचकी परत लागली नाही.

दुसरी चूक वेळेची होती. तलफ आल्यावर गम शोधायचा नसतो, कारण तो चढायला वेळ घेतो आणि तोपर्यंत हात चंचीत गेलेला असतो. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासाला एक, घड्याळ बघून. पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांना, शेवटचे तीन चार-आठ तासांना, असे बारा आठवडे. मामांना २ मिलीग्रॅमवर पाऊण तासातच चिडचिड सुरू व्हायची, हाताला चाळा लागायचा. कमी पडत असल्याची ती खूण. डॉक्टरांनी ४ मिलीग्रॅम लिहून दिला. ४ ला चिठ्ठी लागते, २ तशी मिळते. उलट गरगरलं, मळमळलं, धडधडलं तर जास्त झालं, गम काढून टाकायचा. नुकताच हार्टअटॅक येऊन गेलेला, ठोके अनियमित असणारा, गरोदर बाई यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम घेऊ नये. जबडा दुखत असेल किंवा कवळी असेल तर चोखायची गोळी बरी, ती चावायची नाही आणि गिळायचीही नाही.

निकोटीनचं असं भागलं, तरी तळहातावर मळणं, थाप मारून धूळ उडवणं, ओठात दाबणं, हे हातातोंडाचं काम शिल्लक राहतं. गम ते भरून काढत नाही. मामांची चंची मी टाकू दिली नाही. चुन्याची डबी काढली आणि तंबाखूच्या कप्प्यात भाजलेलं जवस, बडीशेप आणि दोन लवंगा भरल्या. जेवणानंतर आणि चावडीवर बसल्यावर ते तेच काढतात, तळहातावर चोळतात, तोंडात टाकतात. तलफेची लाट चार-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात गुंतला तर बहुतेकदा निभावतं. एका बारशात नाही निभावलं, पाहुण्यानं मळलेली चिमूट पुढं केली आणि त्यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक होतं तसंच पुढं चालू ठेवलं.

पोट बंद होतं, हे अर्धं खरं आहे. निकोटीन आतड्याला हलवतं, म्हणून खाणाऱ्याला सकाळचा बार भरल्याशिवाय होत नाही. सोडल्यावर दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात भाकरी आणि पालेभाजी, एवढ्यावर मामांचं भागलं. रक्त घट्ट होऊन हार्टअटॅक येतो, याला काहीही आधार नाही. हृदयावर ताण तंबाखूचा असतो, सोडण्याचा नसतो.

सुपारीचं मात्र गंभीर आहे. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, आणि तिनं गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड पुरतं उघडत नाही, आणि ते ताठलेपण मागं फिरत नाही. घरच्या घरी बघायचं तर आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का बघा. निरोगी तोंडात जातात. ग्रुपवर मी हे लिहिल्यावर आमच्या एका चुलतभावानं करून बघितलं, त्याची दोनच गेली. तो तंबाखू खात नाही, पण मसाला सुपारी रोज खातो.

सोडायला फोनवर मदत हवी असेल तर तंबाखूच्या पुडीवरच १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापलेला असतो.

मामांचा आज पाचवा आठवडा चालू आहे, मिश्रीची डबी मोरीवरून गेली आहे. त्यांची तीन बोटं जातात. पण खालच्या ओठाच्या आत, जिथं चाळीस वर्षं बार ठेवला, तिथं खरवडून न निघणारा पांढरट चट्टा आहे. गम त्या बाजूला ठेवू नका असं मी सांगितलं आहे. असे चट्टे सोडल्यावर पुष्कळदा काही आठवड्यांत फिके होतात, मामांचा अजून झालेला नाही. शनिवारी त्यांना घेऊन दंतवैद्याकडे जाते आहे.