दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

★★ "पाच किलोवॅटचं सोलर बसवलं. ऐन उन्हात, साडेअकरा ते दोन, दर थोड्या वेळाने बंद पडतं आणि स्क्रीनवर Grid Overvoltage येतं. विचारलं की लाईनचा प्रॉब्लेम आहे म्हणतात. मग शेजारच्यांचं कसं चालतं? इन्व्हर्टर बदलून द्या." – एक ग्राहक, बेसा, नागपूर

नमस्कार भाऊ. इन्व्हर्टर बदलला तरी नवाही तिथेच बंद पडेल, म्हणून आधी मोजमापाचे आकडे मांडतो. ऊन कडक असताना आणि इन्व्हर्टर २० अँपिअर देत असताना गच्चीवर त्याच्या एसी टर्मिनलला २५३ व्होल्ट होते. त्याच वेळी खाली मीटरवर २४४. लगेच एसी आयसोलेटर, म्हणजे इन्व्हर्टरला लाईनपासून तोडणारा स्विच, बंद करून पाहिलं, तर मीटरवर २४१.

आपल्याकडे नाममात्र व्होल्टेज २३० आहे. ते ११० टक्क्यांच्या, म्हणजे २५३ च्या वर गेलं की ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरने दोन सेकंदांत सुटावं, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियम आहे. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज लाईनपेक्षा वर न्यावं लागतं. मधली वायर जितकी लांब आणि बारीक, तितकं जास्त वर. तो सुटला की हा दाब जातो, व्होल्टेज उतरतं, किमान ६० सेकंद सगळं स्थिर दिसलं की तो पुन्हा जोडला जातो, लोड चढवतो आणि परत सुटतो. तुमच्याकडे दिसणारं चालू-बंद हेच आहे.

आता हे आकडे वाचायचे कसे? २४१ हे लाईनचं स्वतःचं व्होल्टेज, मर्यादेच्या आत. २४१ ते २४४ हे तीन व्होल्ट खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि त्यामागच्या लाईनमुळे. उरलेले नऊ तुमच्या घरातल्या केबलमध्ये. म्हणजे "लाईनचा प्रॉब्लेम" हे उत्तर इथे लागू होत नाही, आणि इन्व्हर्टरचाही दोष नाही.

नऊ व्होल्ट आले कुठून? गच्चीपासून जुन्या मीटरपर्यंत २२ मीटर ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल होती. कंपाउंडची भिंत बांधताना मीटर गेटपाशी गेला आणि पुढचे १८ मीटर ४ एमएमची वायर जोडली गेली. जाणं आणि येणं दोन्ही धरून हिशेब केला तर पहिल्या तुकड्यात २.९ आणि दुसऱ्यात ३.६, मिळून साडेसहा व्होल्ट होतात. केबल तापली की रोध वाढतो, मग साडेसात धरा. उरलेला दीड व्होल्ट जिन्याखालच्या डबीतल्या जोडावर आणि एमसीबीच्या सैल स्क्रूवर. दीड व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे ३० वॅट, सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, तीही प्लास्टिकच्या डबीत. झाकण पिवळं पडलंय ते त्यामुळेच. केबल बदलेपर्यंत दुपारी इन्व्हर्टर बंदच ठेवा; ट्रिपपेक्षा मला त्या डबीची काळजी जास्त आहे.

उपाय असा: गच्चीपासून गेटपर्यंत ४० मीटर सलग १० एमएम तांब्याची केबल, मध्ये जोड नाही, दोन्ही टोकांना क्रिंप केलेले लग, एमसीबीचे स्क्रू घट्ट. मग केबलमधली वाढ गरम असतानाही साडेतीन व्होल्टच्या आसपास राहते आणि इन्व्हर्टरला २४७-२४८ दिसतील. १६ एमएम घातली तर आणखी जेमतेम दीड व्होल्ट वाचेल. तेवढ्यासाठी पैसे घालू नका.

शेजाऱ्यांचं चालतं, कारण त्यांची केबल आखूड असेल किंवा कनेक्शन थ्री फेज असेल. तेच पाच किलोवॅट तीन फेजवर वाटले की प्रत्येकीत सातेक अँपिअर, न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच नाही, आणि त्याच केबलवर वाढ सहाव्या हिश्श्यावर येते.

कोणी "सेटिंग २६५ करून देतो" म्हणालं तर करू देऊ नका. नियम मोडतो ते वेगळंच, पण ते वाढलेलं व्होल्टेज तुमच्याच फ्रिज-टीव्हीवर जातं.

लाईनचा वाटा थंडीत बघावा लागेल. मे महिन्यात अख्ख्या लेआउटचे कूलर आणि एसी दुपारी वीज ओढतात, व्होल्टेज दबलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत लोड नाही, आकाश स्वच्छ, पॅनल गार, आणि आजूबाजूची सोलरही त्याच ट्रान्सफॉर्मरवर वीज टाकतात. बिनलोडचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टचा, म्हणजे एका फेजला २५०. इन्व्हर्टर बंद असताना मीटरवर २४७ च्या वर दिसू लागलं, तर चांगली केबलही पुरणार नाही. तेव्हा तारीख-वेळेसह मीटरच्या रीडिंगचे फोटो लावून वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायची त्याची सेटिंग, तपासायला सांगा. एक टॅप उतरवला तर साधारण सहा व्होल्ट कमी होतात. मात्र व्होल्टेज अचानक २६०-२७० वर उडत असेल आणि दिवे कमीजास्त होत असतील, तर न्यूट्रल सैल आहे. मेन स्विच पाडा आणि तक्रार त्याच मिनिटाला करा.