ओसीसाठी आधी एनओसी नाही, टेप काढा

आमच्या सोसायटीच्या ओसीसाठी (म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र) मागच्या वर्षभर आम्ही फिरून राहिलो, आणि जे उलटं केलं ते इथे लिहितोय, नागपुरात बेसा मनीषनगरकडच्या कितीतरी बिल्डिंगींची हीच हालत आहे म्हणून.

बिल्डरने चाव्या दिल्या आणि गायब. ओसीचा अर्ज खरं तर त्यानेच करायचा, पण तो करत नसेल तर सोसायटी ठराव करून स्वतःचा आर्किटेक्ट नेमू शकते. आम्ही ठराव केला आणि लगेच एनओसीच्या मागे लागलो. फायरवाल्यांकडे खेटे घातले, लिफ्टसाठी विद्युत निरीक्षकांकडे कागद दिले, टॅक्सची थकबाकी भरली. सहा महिने आणि बराच पैसा गेल्यावर आर्किटेक्ट म्हणाले, मंजूर नकाशा कुठाय? आमच्याकडे बिल्डरने दिलेलं ब्रोशर होतं फक्त!

मग माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत काढली. ती गच्चीवर सतरंजीवर पसरली आणि टेप घेऊन खाली उतरलो. मागच्या बाजूला नकाशात ३ मीटर मोकळी जागा, टेप २.२ वर अडकला, कारण तिथे चौकीदाराची खोली आणि संडास बांधलाय. पार्किंगमध्ये दोन ठिकाणी शटर लावून गोडाऊन केलेलं. वर चार घरांनी बाल्कनी खोलीत घेतलेली. तपासणीला येणारे साहेब नकाशा आणि बिल्डिंग जुळवून पाहतात, तिथे न जुळलं की एनओसी कितीही असोत, फाईल तिथेच थांबते. आणि फायरवाल्यांनीही मोकळी जागाच पाहिली, गाडी आणि माणसं फिरणार कुठून, म्हणून त्यांचंही अडलंच होतं.

मिटिंगमध्ये खूप आवाज चढले. शटरवाले एक काका म्हणाले, मी पैसे मोजले न जी बिल्डरला! मोजले असतील काका, पण पार्किंगची जागा गोडाऊन म्हणून विकायचा हक्क त्याला नव्हताच, हे मला अगदी ठाम वाटतं. शेवटी शटर निघाले, खोली पाडली. बाल्कन्यांचं वेगळं, त्यातल्या ज्या एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या मर्यादेत, आणि नियमात बसतील त्या सुधारित नकाशात दाखवून फी भरून नियमित करता येतात, बाकीच्या परत उघडाव्या लागतात. आमच्या तीन बसल्या, एका काकूंना भिंत काढावी लागली, त्यांनी काढली, मला खरंच त्यांचा आदर वाटतो.

आता आर्किटेक्टने जसं बांधलंय तसा नकाशा, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडलंय. लायसन्सधारक एजन्सीकडून फायर यंत्रणा नियमाप्रमाणे असल्याचा फॉर्म ए सुद्धा घेतला. सोमवारी तपासणी आहे, मागची जागा परवाच पुन्हा मोजली, टेप ३ मीटरच्या पुढे गेला.