आज ओलं की कोरडं?

आमच्या घरात रविवारी कोणी न बघता कुठेही टेकत नाही. आधी हात फिरवायचा, मग बसायचं. हा नियम नवऱ्याच्या एका पांढऱ्या पँटने घालून दिला. ती पँट आता फळा पुसायला आहे.

घरी मुलांचे चित्रकला-हस्तकलेचे वर्ग सुरू केले तेव्हा वाटलं होतं, मुलं सांभाळणं हीच काय ती परीक्षा. मुलं सांभाळता येतात हो! खरी पंचाईत असते ती वाळण्याची. दहा मुलं दीड तासात जे काही घडवतात ते सगळं ओलं असतं, आणि तेवढ्यात दुसऱ्या बॅचची दहा मुलं दारात चपला काढत असतात.

पहिल्याच महिन्यात मी हौसेने मुखवटे काढले. फुगवलेल्या फुग्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या, वाळल्या की फुगा फोडायचा. मी स्वतः करून पाहिला तेव्हा पातळ दोन थर दिले होते, एक दिवस वाळवून मग तिसरा. मुलांना एवढा धीर कुठला? त्यांनी फुग्याला अपघातात सापडल्यासारखं बँडेज केलं आणि वरून वाटीभर खळ ओतली. रात्री गारठ्याने फुगे आक्रसले, त्यांच्याबरोबर ओला कागदही सुरकुतला. पुढच्या रविवारी मुखवटे वरून खडखडीत आणि आतून चिखल. फुगा फोडल्यावर एक चिमुरडी आत डोकावली आणि आनंदाने ओरडली, "मावशी, माझ्या माणसाला दाढी आलीय!" बुरशी होती. तिला मात्र ती फारच आवडली.

मग मी शहाणी झाले. एका दिवसात सुरू होऊन त्याच दिवशी संपणारा धडा हवा, म्हणून मेणखडू आणि पाण्याचा रंग काढले. मेणखडूने दाबून मासे काढायचे, वरून निळा रंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे रंग घरंगळतो आणि मासे चमकून वर येतात. हे खरं, पण मी पोस्टर रंग दिले होते आणि तेही घट्ट. तो रंग अपारदर्शक, सगळ्यावर पांघरूण घालणारा. दहाच्या दहा कागद गुळगुळीत निळे झाले. पाच वर्षांच्या एकाचा चेहरा पडला. "मावशी, मासे बुडाले."

पुढच्या बॅचला पारदर्शक जलरंग दिले, तेही भरपूर पाणी घालून. कागद जाड घेतला, कारण साधा कागद पाणी पडलं की होडीसारखा वळतो. ब्रश फिरवल्यावर खडूवर रंगाचे बारीक थेंब गोळा झाले तर जमलं म्हणायचं. रेघेवर रंग सरळ बसला, तर खडू पुरेसा दाबलेला नाही किंवा रंग घट्ट आहे.

आता मी ओलं काम पहिल्या अर्ध्या तासात उरकते. चित्रं चिमट्यांनी दोरीवर जातात आणि खाली बसून मुलं त्यांच्यासाठी कागदी चौकट कापतात. चौकट होईपर्यंत मासे वाळतात. बॅचही वयाने तोडल्या. पाच वर्षांचं मूल सात मिनिटांत "झालं!" म्हणतं, आणि दहा वर्षांचं तेवढ्यात पहिला मासा तिसऱ्यांदा खोडत असतं. दोन्ही बॅचना धडा मात्र एकच, म्हणजे कापाकापीची तयारी एकदाच.

फी हा विषय मी मुखवट्यांइतकाच ओला ठेवला होता. महिन्याची ठरवली आणि पाच रविवारांचा महिना आला. पाचवा फुकट झाला. पुढच्या महिन्यात एकीने दोन रविवार बुडवले आणि तिचे बाबा म्हणाले, "निम्मेच देऊ ना?" तिच्यासाठी कापलेला कागद तर पडून होता! आता आठ वर्गांचे पैसे एकदम आणि तारखा आधी लिहून. बुडालेला एक वर्ग दुसऱ्या बॅचमध्ये भरून मिळतो, तोही तिथे जागा असली तर. सामानाचे पैसे वेगळे, नाहीतर रंग सांडला की माझीच फी सांडते.

"दीड तासाचे एवढे?" असं एका आईने विचारलं. दीड तास वर्ग, तासभर तयारी, पाऊण तास फरशी घासणं, असे सव्वातीन तास मी बोटांवर मोजून दाखवले. बोटं निळी होती, तिने लगेच मान्य केलं. जुळ्यांसाठी सवलत मागणाऱ्या बाबांना मात्र काय सांगू? जुळी गोंद निम्मा वापरत नाहीत. एकमेकांना लावायला जास्तच लागतो.

काल दुसरी बॅच गेल्यावर नवरा सोफ्याजवळ येऊन थबकला. "आज ओलं की कोरडं?"

"कोरडं," मी म्हटलं.

तो विश्वासाने बसला. चमकी पावडरचा धडा होता, हे सांगायचं राहिलंच.