खराब निघालेल्या कव्हरचं क्रेडिट मागायचं, तेही लेखी

"बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं असलं की विषय संपला. कव्हरला कसली आली वॉरंटी? अन् जीएसटीचं बिल एकदा कटलं की कमी होत नाही. पत्रं लिहीत बसू नका, पुढच्या पेमेंटमधून सरळ कापून घ्या."

दुकानदारांच्या ग्रुपवर हे फिरत राहतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. असले सल्ले वाचून आजूबाजूचे दुकानदार खराब माल माळ्यावर टाकून देतात आणि नुकसान गिळतात, हे मला पाहवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ती छापील ओळ आधी पाहू. आपण ऑर्डर फोनवर देतो, भाव तिथंच ठरतो, माल पार्सलनं निघतो आणि बिल खोक्यासोबत येतं. सौदा झाल्यावर हातात पडलेल्या कागदावर एकानंच छापलेली अट दोघांनी ठरवलेली अट होत नाही. न खपलेला माल परत आणू नका, एवढ्यापुरती ती ओळ रास्त आहे. पण जो माल मागवला तो आलाच नाही, तर ती आड येत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. माल विक्री कायदा १९३० च्या कलम ६२ प्रमाणे दोघांच्या स्पष्ट करारानं किंवा आपसातल्या नेहमीच्या व्यवहारानं अशा जबाबदाऱ्या बाजूला ठेवता येतात. वर्षानुवर्षं खराब माल मुकाट्यानं ठेवून घेत आलात, तर पुरवठादार तेच दाखवेल.

वॉरंटी कार्ड लागतंच असंही नाही. त्याच कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावर विकलेला माल त्या वर्णनाला उतरला पाहिजे. कलम १६ सांगतं की त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावर घेतलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे. मात्र घेताना तुम्ही माल तपासला असेल आणि त्या तपासणीत दोष दिसायला हवा होता, तर ही सवलत नाही. नागपूरला घाऊक दुकानात उभं राहून हातानं निवडून आणलेल्या कव्हरवर म्हणूनच भांडण कमजोर पडतं. फोनवर मागवलेल्या, पॅकबंद पाकिटातल्या मालावर ते भक्कम असतं.

आता दोष कोणता, हे नेमकं सांगता आलं पाहिजे. पारदर्शक कव्हर काही महिन्यांत पिवळं पडतं. ऊन आणि उष्णतेनं त्या प्लास्टिकचं तसं होतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर विचारूच नका. त्यावर क्रेडिट मागू नका, नाहीतर पुढची खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही. मी ज्या खेपेबद्दल पुरवठादाराला पत्र लिहिलं त्यात दोष साच्याचा होता. कव्हर फोनवर नीट बसायचं, पण कॅमेऱ्याचं भोक खाली सरकलेलं. गिऱ्हाईक सांगायचं, "भाऊ, रात्री फोटो पांढरा येते." कव्हरची कड फ्लॅशसमोर येत होती आणि तिच्यातून उजेड लेन्सवर पसरत होता. तपासायची रीत सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून एकाच वस्तूचे दोन फोटो काढा, एक कव्हर घालून, एक काढून. दुसरा स्वच्छ आला की दोष फोनचा नाही. मग पाकिटं फोडून आणखी काही कव्हरं लावून पाहा. सगळ्यांत भोक तेवढंच सरकलेलं असेल तर अख्खी खेप खराब आहे. पाकिटावरचं मॉडेलचं नावही जुळवा, कारण एकाच नावाच्या ४जी आणि ५जी फोनची कॅमेऱ्याची जागा बरेचदा वेगळी असते. तसं असेल तर पत्रात 'खराब माल' न लिहिता 'चुकीचं मॉडेल' लिहायचं.

दोष कळला की विक्री त्याच क्षणी थांबवा. माल ठेवून घेऊन वाजवी मुदतीत काहीच कळवलं नाही, तर कलम ४२ प्रमाणे तो स्वीकारला असं धरतात. दोष माहीत असूनही विकत राहिलात तरी तेच.

मी पाठवलेल्या पत्राचा मजकूर असा होता:

"स. न. वि. वि.
आपल्या सोबतच्या बिलातील पाच मॉडेलपैकी एका मॉडेलची ६० कव्हरं सदोष आहेत. कॅमेऱ्याचं भोक खाली सरकलेलं असल्यानं फ्लॅशच्या फोटोवर पांढरी झाक येते. पाकिटं फोडून २० कव्हरं तपासली, सर्वांत हाच दोष आहे. बाकी चार मॉडेलबद्दल तक्रार नाही.
६० पैकी ११ विकली गेली, त्यातली ७ गिऱ्हाइकांनी परत आणली. म्हणून ५६ नगांचं क्रेडिट मागत आहे. दर ४० रुपयांप्रमाणे २,२४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४०३.२० रुपये, एकूण २,६४३.२० रुपये.
हा माल आम्ही नाकारत आहोत. तो वेगळा ठेवला आहे, आपल्या लाईनवरच्या माणसाला उचलायला सांगावं. कृपया मूळ बिलाचा नंबर टाकून क्रेडिट नोट द्यावी.
सोबत: बिल, बिल्टी, खोक्यावरील लेबल व दोन्ही फोटो."

परत न आलेल्या ४ कव्हरांचे पैसे मी मागितले नाहीत, आणि बुडालेला नफाही नाही. मागणी खरेदी दरावर राहिली की समोरच्याला वाद घालायला जागाच उरत नाही. माल स्वखर्चानं परत पाठवायचं बंधनही आपल्यावर नाही. नाकारला असं कळवणं पुरतं, हे कलम ४३ मध्ये आहे.

जीएसटीबद्दल तर कायदा सरळच बोलतो. माल परत आला किंवा कमअस्सल निघाला तर पुरवठादाराला क्रेडिट नोट काढता येते, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ३४ त्यासाठीच आहे. ज्या आर्थिक वर्षातलं बिल, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्याचं वार्षिक विवरण भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर त्याचा कर कमी होतो. आपण तेवढं इनपुट क्रेडिट परत करायचं, माझ्या हिशोबात ४०३.२० रुपये.

आणि परस्पर कापून घेण्याचं काय? दोषाइतकी किंमत कमी मागायला कलम ५९ वाट देतं, पण न सांगता कापलं की त्याच्या खात्यात ती रक्कम तुमच्याकडे बाकीच दिसते. लाईनवर आलेला माणूस दर खेपेला तीच मागतो आणि पुढचा माल अडतो. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत रक्कम चुकती झाली नाही, तर तेवढ्या भागाचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आपण स्वतः डेबिट नोट काढली म्हणून त्याचा कर कमी होत नाही, त्याला त्याचीच क्रेडिट नोट लागते.

ग्राहक आयोगाची धमकी पत्रात घालू नका. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक धरला जात नाही, आणि घाऊकवाल्याला हे पक्कं माहीत असतं. त्यानं बदली माल देतो म्हटलं तर आधी एक नग मागवा, फोनवर चढवून अंधारात फ्लॅशचा फोटो काढा, मगच बाकीच्याला हो म्हणा. साचा तोच असेल तर बदलीच्या खेपेतही भोक तिथंच असणार.