हयातीचा दाखला: पाच मिनिटांच्या कामाचे पैसे कसले?

प्रतिक्रिया: "ताई, हयातीचा दाखला मोबाईलवर फुकट निघतो, पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून पैसे घेताना काहीच वाटत नाही का? पोरं बाहेरगावी आहेत म्हणून त्यांची अडचण विकताय तुम्ही. आणि तुम्हीच ओटीपी मागायला लागलात तर उद्या ते कुणालाही देतील."

दादा, उत्तर जरा लांबणार आहे. दाखला निघणं वेगळं आणि तो लागू होणं वेगळं. माझं बहुतेक काम या दोन्हींच्या मधलं आहे, म्हणून एक प्रकरण नीट सांगते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अक्का आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. जन्मभर विड्या वळल्या, त्याची स्वतःची पेन्शन आहे. नवरा टॉवेलच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर विधवा पेन्शन सुरू झाली. दोन्ही पीएफच्या, म्हणजे ईपीएस-९५ च्या, आणि एकाच खात्यात जमा होणाऱ्या. या योजनेत २०१४ पासून महिन्याला कमीत कमी १००० रुपये मिळतात, त्यामुळे अक्कांचं घर कशावर चालतं हे तुम्हाला कळलं असेल. त्यांनी एका दुकानातून दाखला काढून आणला होता, छापील कागद पिशवीत जपून ठेवलेला. तरी काही महिन्यांनी पैसे निम्मे येऊ लागले. बँकेत विचारलं तर "वरूनच कमी आलेत" एवढंच उत्तर.

मी आधी पासबुक मागितलं. पूर्वी दर महिन्याला दोन नोंदी दिसत होत्या, आता एकच. मग कागद पाहिला. दाखल्यावर पीपीओ नंबर असतो, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर. कागदावर अक्कांचा स्वतःचा पीपीओ होता, नवऱ्याच्या पेन्शनचा नव्हता. माणूस एक, आधार एक, खातं एक, म्हणून दाखलाही एकच, असं कुणालाही वाटेल. पण हयातीचा दाखला पीपीओला जोडला जातो. दोन पेन्शनी असतील तर दाखले दोन काढावे लागतात, नाहीतर मुदत संपली की दुसरी बंद पडते. दुकानदाराने हे विचारलंच नव्हतं, आणि अक्कांना सांगायचं सुचलं नव्हतं.

दुसरा पीपीओ शोधण्यातच वेळ गेला. मूळ आदेश सापडेना. शेवटी ट्रंकेतून नवऱ्याची जुनी पीएफची स्लिप निघाली. ईपीएफओच्या संकेतस्थळावर पेन्शनरांच्या विभागात "Know Your PPO No." अशी सोय आहे, तिथे बँक खात्याचा किंवा पीएफचा नंबर टाकून पीपीओ मिळतो. ही सोय फुकट आहे, कुणीही वापरू शकतो.

पुढचं मोबाईलवर. दोन अ‍ॅप लागतात, "Jeevan Pramaan" आणि "AadhaarFaceRD". आधी ज्याच्या मोबाईलवर काम होणार त्या माणसाला, म्हणजे मला, माझं आधार आणि चेहरा देऊन ऑपरेटर म्हणून नोंद करावी लागते. मग पेन्शनराचा आधार नंबर, मोबाईल नंबर आणि ओटीपी, त्यानंतर पेन्शनचा प्रकार, पीपीओ आणि खाते क्रमांक. विधवा पेन्शन असेल तर पुनर्विवाह केला आहे का, हाही प्रश्न येतो. अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. हसण्यावारी न्यावं असं ते नाही, तिथे चुकून "हो" वर बोट पडलं तर ऑनलाइन दाखला चालत नाही.

शेवटी चेहरा. अंगठ्याचं यंत्र मी वापरतच नाही. विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा लागत नाही. शिवाय त्याच यंत्रावर आधारने बँकेतून पैसेही काढता येतात, तेव्हा "नाही लागला, परत लावा" म्हणणाऱ्यासमोर म्हाताऱ्या माणसाने बोट किती वेळा ठेवायचं? चेहऱ्याला प्रकाश समोरून लागतो. खिडकीकडे पाठ करून बसवलं की फोटो काळा येतो. अक्कांना दारात बसवलं, चष्मा काढायला लावला, डोळे मिचकवायला सांगितलं. दोनदा नाही झालं, तिसऱ्यांदा झालं.

पाच मिनिटं लागली ती इथे. या टप्प्यावर प्रमाण आयडी, म्हणजे निघालेल्या दाखल्याचा नंबर, मिळतो, मेसेज येतो आणि सगळे उठतात. पण दाखला त्यानंतर पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे जातो आणि ते तो नाकारूही शकतं, बहुतेकदा पीपीओ किंवा खात्याच्या आकड्यातल्या चुकीमुळे. म्हणून काही दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर प्रमाण आयडी टाकून स्थिती बघावी लागते. त्यासाठीचा ओटीपी फॉर्ममध्ये भरलेल्या मोबाईलवरच येतो. घाईगर्दीत दुकानदार कधीकधी स्वतःचाच नंबर भरतात, मग मेसेज त्यांच्याकडे जातो आणि पेन्शनर अंधारात. अक्कांचा नंबर मी भरला, आठवड्याने जाऊन त्यांच्यासमोर स्थिती पाहिली. स्वीकारला गेला होता. पुढे थकलेले महिनेही जमा झाले.

पैसे मी त्यानंतर घेते, आधी नाही. एका दाखल्याचे पन्नास रुपये, घरी जाणं, पीपीओ शोधणं आणि नंतरची तपासणी धरून. अडकलेल्या पेन्शनच्या रकमेवर टक्केवारी घेणारे लोक आहेत. तुमचा राग तिकडे गेला तर मी तुमच्या बाजूने आहे. फुकटात हवं असेल तर बँकेत किंवा पीएफ ऑफिसात जाऊन दाखला देता येतो, हे मी प्रत्येकाला आधी सांगते. ज्यांना रिक्षाने जाऊन रांगेत उभं राहणं झेपतं ते जातातही. आणि खरं सांगू, फुकट करत होते तेव्हा लोक संकोचाने दुसऱ्यांदा बोलवायचे नाहीत. नाकारला गेलेला दाखला तसाच पडून राहायचा. आता हक्काने विचारतात, "काय गं, माझं बघितलंस का?"

ओटीपीचं मात्र तुमचं म्हणणं वजनाचं आहे. मी फोन हातात घेत नाही. मेसेज त्यांनी किंवा घरातल्या कुणी वाचायचा, तो कशासाठी आला आहे ते मोठ्याने म्हणायचं, मग आकडे सांगायचे. बँकेचा ओटीपी असला तर मी थांबते. एटीएम, यूपीआयचा पिन, पैसे पाठवणं, यातलं काहीही करत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. आधारची झेरॉक्स माझ्याकडे ठेवत नाही. आणि प्रत्येक घरी एक गोष्ट सांगून येते: हयातीच्या दाखल्यासाठी फोन करून कुणी ओटीपी मागितला तर तो चोर समजायचा, कारण समोर चेहरा किंवा ठसा दिल्याशिवाय, नुसत्या ओटीपीवर हा दाखला निघतच नाही.

याच कारणाने पुण्यातल्या मुलाला ते पुण्यात बसून करता येत नाही, आई समोर लागते. तो दिवाळीला येतो तेव्हा जरूर करावं, माझे पन्नास वाचतील. पीएफच्या पेन्शनला नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. सरकारी पेन्शनरांचं वेगळं, त्यांचा नोव्हेंबर चुकवायचा नाही. दोन पीपीओ असतील तर दोन्ही दाखले एकाच दिवशी काढा, म्हणजे मुदत एकदमच संपेल आणि एक विसरणार नाही. निघण्याआधी दोन्ही नंबर आणि तारीख पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मुलाला रजा मिळाली नाही तर जो कुणी येईल त्याला ट्रंक उघडावी लागणार नाही.