किरकोळ

अनामत 40,000. परत आले 26,400. मधल्या 13,600 चा हिशेब मालकांनी व्हॉट्सॲपवर तीन शब्दांत दिला: ‘रंग, साफसफाई, किरकोळ.’

म्हणून रत्नागिरीत एका झेरॉक्सवाल्याकडे पत्र टाइप करायला बसलो. घर सोडल्याची तारीख, किल्ल्या दिल्या तेव्हाचं मीटर रीडिंग, कापलेली रक्कम, आणि मागणी: प्रत्येक वजावट वेगळी लिहा, रक्कम घाला, पावतीची प्रत जोडा, पंधरा दिवसांत कळवा.

शेजारी सातबाऱ्याची प्रिंट काढायला आलेले एक काका होते. त्यांनी चष्मा वर केला आणि न विचारता स्क्रीन वाचायला घेतला.

‘‘‘कळवावे’ नको हो. माणूस दुखावतो. ‘कळवलंत तर बरं होईल’ करा.’’

टाइप करणाऱ्या पोराने ते केलंसुद्धा! पैसे माझे, पत्र माझं, पोरगा काकांचा.

‘‘पावती कशाला? गवंडी पावती देतो काय कधी?’’ पावती गेली.

‘‘आणि हे पंधरा दिवस... आंब्याचा हंगाम बघून लिहायचं असतं.’’

मी म्हटलं, काका, तीन वर्षं राहिलो. तीन पावसाळ्यांत रंग उडणारच. ती वापरातली झीज, तिचे पैसे भाडेकरूकडून कसे घेता? मी भिंत फोडली असती, तर गोष्ट वेगळी. शिवाय बुरशी आली ती स्लॅब गळत होता म्हणून. गळणारा स्लॅब मालकाने दुरुस्त करायचा.

‘‘बरोबर आहे तुमचं,’’ काका म्हणाले, ‘‘पण लिहू नका.’’

पत्राच्या शेवटी ‘गणपतीला नक्की या’ आलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी मालकांची माफी मागतोय.

‘‘काका, तुमचं घर भाड्याने आहे का कोणाला?’’

‘‘दोन खोल्या. नर्सबाई राहतात.’’ सातबारा घडी करून ते उठले. ‘‘तुमच्या पत्राची एक प्रत मला काढा. पहिली, पावतीवाली. त्या बाई असलं काही पाठवायच्या आधी बघून ठेवलेलं बरं.’’

मीही पहिलीच परत टाइप करून घेतली, स्पीड पोस्टने पाठवली, पोचल्याचा पुरावा जपून ठेवला. एका पत्रासाठी अख्खी सकाळ आणि हाफ डे गेला. तो कोणाच्या किरकोळात धरायचा?

बाराव्या दिवशी उत्तर आलं. पावती नाही, यादी नाही. ‘हा घ्या पुरावा’ म्हणून एकच फोटो: बेडरूमची काळी पडलेली भिंत, कोपऱ्यात माझी निळी बादली.

तो फोटो मीच काढलेला. गेल्या जुलैत त्यांनाच पाठवला होता, खाली लिहून: ‘स्लॅब गळतोय, माणूस पाठवा.’