दोनदा कर? पंख्यांची तीन बिलं मांडून बघू

जीएसटीबद्दल दुकानदारांमध्ये ऐकू येणारी तक्रार: «माल घेताना १८ टक्के, विकताना परत १८ टक्के. दुकानदाराला दोनदा कर. क्रेडिट मिळतं तेही विकलेल्या मालापुरतंच. पक्कं बिल फाईलला असलं की काळजी नाही.»

पुण्यातल्या ठोक व्यापाऱ्याकडून सातारच्या दुकानदाराने जुलैत दहा पंखे घेतले, दर २,००० रुपये. बिल असं: माल २०,०००, सीजीएसटी १,८००, एसजीएसटी १,८००, एकूण २३,६००. यातले ३,६०० ही पंख्यांची किंमत नव्हे, ते सरकारकडे जमा असलेलं येणं आहे; यालाच क्रेडिट म्हणतात आणि ते विक्रीवरच्या करातून वजा होतं. म्हणून खरेदी २,००० च्या दराने लिहायची. २,३६० लावून नफा काढला, तर कर दोनदा गेल्यासारखा वाटणारच.

त्याच महिन्यात सहा पंखे २,५०० ने विकले. माल १५,०००, कर २,७००. गिऱ्हाइकाने १७,७०० दिले. इतर व्यवहार नाही असं धरू. देणं २,७००, क्रेडिट ३,६००. रोख भरायचं शून्य, आणि ९०० पुढच्या महिन्यात ओढले जातात.

चार पंखे दुकानातच आहेत, तरी क्रेडिट दहाही पंख्यांचं मिळालं. कोणता नग विकला गेला, हे इथे पाहिलंच जात नाही. ऑगस्टमध्ये उरलेले चार त्याच दराने गेले: माल १०,०००, कर १,८००. शिल्लक ९०० वजा करून रोख भरले ९००. ठोक व्यापाऱ्याच्या बिलातले ३,६०० आणि हे ९०० मिळून ४,५०० होतात, म्हणजे २५,००० च्या विक्रीवर बरोबर १८ टक्के. दुकानदाराने रोख भरलेला कर त्याच्या ५,००० च्या वाढाव्यावरचा आहे, तोही गिऱ्हाइकाकडून आलेला.

फाईलमधल्या बिलाबद्दलची समजूत मात्र खरोखर महागात पडते. ठोक व्यापारी पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत GSTR-1 हे विक्रीचं विवरण भरतो आणि १४ तारखेला आपल्या GSTR-2B मध्ये, म्हणजे खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत, बिल दिसतं. त्याने आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकला किंवा ते बिल किरकोळ विक्रीत टाकलं, तर ते दिसत नाही आणि क्रेडिटही घेता येत नाही. म्हणून २० तारखेला GSTR-3B हे कर भरण्याचं विवरण देण्याआधी बिल नंबर, तारीख आणि कर एकेक करून ताडून पाहा. जे दिसत नाही, त्याची दुरुस्ती मागा. दिसेल त्या महिन्यात क्रेडिट घ्या. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ही मुभा आहे. त्याआधीच वार्षिक विवरण भरलं, तर त्या तारखेपर्यंतच. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत व्यापाऱ्याचे पैसे चुकते केले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं; पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं.

एका दुकानदाराची तक्रार मात्र खरी आहे: कंपोझिशनमधल्या, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या ठरावीक टक्के कराच्या योजनेतल्या. त्याला क्रेडिट नाही, त्याच्यासाठी पंखा २,३६० लाच पडतो, आणि विक्रीवरचा १ टक्का त्याला पदरचा भरावा लागतो.